खानावळीतली फडकी, टॉवेल आणि स्पंज : कोल्हापूर, जून-जुलै २०२५ च्या कामाच्या नोंदी

जागा : राजारामपुरी भागातली एक खानावळ. दुपारी साधारण ६० ताटं, रात्री ४०. मटण-चिकन बुधवार, शुक्रवार, रविवार. स्वयंपाकघरात एक आचारी, दोन मदतनीस, भांड्याला एक मावशी. काम एवढंच ठरलं होतं : ओट्यावरची फडकी आणि घासण्या किती दिवसांनी धुवायच्या, किती दिवसांनी फेकायच्या, हे पावसाळ्यात ठरवायचं. उन्हाळ्यात कोल्हापुरात फडकं दोन तासांत कडक वाळतं, त्यामुळे कुठलीही पद्धत चालून जाते. खरी परीक्षा जून ते ऑगस्ट.

१६ जून, सोमवार. आहे ते मोजलं.

एकूण वापरात : ओटा पुसायचं जुन्या टॉवेलचं फडकं १, जेवणाची टेबलं पुसायचं १, हात पुसायचा जाड टॉवेल १, गरम पातेली उतरवायला फडकी २, भांड्यांना हिरव्या पाठीचे पिवळे स्पंज ३. ओट्याचं फडकंच मटण धुतल्यावर सांडलेलं पाणी टिपायला आणि धुतलेली ताटं कोरडी करायलाही जातं. रोज रात्री साबणाच्या पाण्यात पिळून नळावर घडी करून टाकतात. बदलायचा नियम "फाटलं की".

हे एकाच फडक्याने सगळं करणंच आधी मोडायला हवं, हे इथेच लिहून ठेवतो. मॉरिशसच्या विद्यापीठात एक महिना वापरलेले १०० स्वयंपाकघरातले टॉवेल तपासले होते (२०१८ मध्ये मांडलेला अभ्यास), त्यात ४९ वर जंतू वाढले. ई. कोलाय जास्त सापडला तो अनेक कामांना वापरलेल्या आणि ओल्या राहिलेल्या टॉवेलवर. ई. कोलाय आतड्यातला जंतू. तो फडक्यावर आला म्हणजे कच्चं मांस किंवा नीट न धुतलेले हात तिथवर पोचले.

मोजमापाला दोन साधनं घेतली. पहिलं, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघराचा वजनकाटा. दुसरं, जंतू मोजायच्या तयार पट्ट्या : प्लास्टिकच्या पट्टीवर खाद्यमाध्यमाचा थर असतो, ती पाण्यात बुडवायची, उबेत ठेवायची आणि उगवलेले ठिपके सोबतच्या चित्राशी ताडायचे. एक पट्टी १५० रुपयांना पडली, २० घेतल्या. या पट्ट्या एकूण जंतू दाखवतात, त्यातले रोग करणारे कोणते हे सांगत नाहीत. त्यामुळे पुढचे आकडे आधीचं आणि नंतरचं ताडायला वापरावेत, त्याहून जास्त अर्थ काढू नये.

१८ जून, बुधवार. पहिली चूक, पट्ट्यांची.

पद्धत अशी : फडकं स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यावर उकळून गार केलेलं ५० मिलिलिटर पाणी ओतायचं, बाहेरून एक मिनिट मळायचं आणि त्या पाण्यात पट्टी बुडवायची. सोमवारी ओट्याचं फडकं, हाताचा टॉवेल आणि एक स्पंज असे तीन नमुने घेऊन पट्ट्या कपाटात ठेवल्या होत्या. काल २४ तासांनी तिन्ही जवळपास कोऱ्या. आज पाहिलं तर तिन्ही पूर्ण भरून गेलेल्या.

खोलीत २४ अंश होतं. या पट्ट्यांना ३० ते ३५ लागतं. गारव्यात वाढ संथ होते आणि २४ तासांनी पाहणाऱ्याला "सगळं स्वच्छ" असा खोटा दिलासा मिळतो. थर्माकोलचा खोका घेतला, आत शून्याचा बल्ब आणि थर्मामीटर. झाकण बोटभर उघडं ठेवल्यावर ३१ ते ३३ वर स्थिर राहिलं. बल्ब पट्ट्यांपासून आणि थर्माकोलपासून वीतभर लांब, विटेवर ठेवला. वाया गेलं : तीन पट्ट्या, दोन दिवस.

२० जून, शुक्रवार. खऱ्या सुरुवातीचे आकडे.

नव्या पट्ट्या ४८ तास उबेत ठेवून रविवारी वाचल्या, पण नोंद नमुन्याच्या तारखेखालीच ठेवतो. ओट्याचं फडकं आणि स्पंज दोन्ही चित्रातल्या सगळ्यात दाट चौकटीत, म्हणजे पिळलेल्या पाण्याच्या एका मिलिलिटरला एक कोटीच्या पुढे. हाताचा टॉवेल दहा लाखांच्या आसपास.

जास्त कामाचे निघाले ते वजनाचे आकडे. रात्री साडेदहाला पिळून टाकल्यावर आणि सकाळी साडेसातला, नऊ तासांनी :

ओट्याचं फडकं : कोरडं ५२ ग्रॅम, पिळल्यावर १०४, सकाळी ९३.
हाताचा जाड टॉवेल : कोरडा १८०, रात्री ३१०, सकाळी २८५.
स्पंज : कोरडा ९, पिळल्यावर २६, सकाळी २३.

म्हणजे रात्रभरात जवळपास काहीच वाळलं नाही. अन्नाचे कण, पाणी आणि पंचविशीतली ऊब, तीनही सलग नऊ तास. अशा वेळी जंतू अर्ध्या-पाऊण तासाला दुप्पट होऊ शकतात. रात्री साबणाने कितीही चोळलं तरी उरलेल्या थोड्यांना सकाळपर्यंत पुन्हा भरून यायला वेळ पुरतो. इथून पुढे आमचा मुख्य प्रश्न बदलला. किती दिवसांनी फेकायचं हे नंतर. आधी रात्रीतून वाळवायचं कसं.

मावशींचं म्हणणं लगेच आलं, "आवो, फडकं ओलं असल्याबिगार ओटा निघतोय व्हय?" बरोबर आहे. पुसताना ओलं लागतंच. पण कोरडं फडकं वापरायच्या क्षणी नळाखाली धरून पिळता येतं. ओलेपणा पुसण्यापुरता हवा, रात्रभर नको.

२३ जून, सोमवार. क्लोरीनच्या पाण्याची बादली : फसली.

काही ठिकाणी फडकं वापरातून मोकळं झालं की क्लोरीनच्या पाण्यात बुडवून ठेवतात. इथे तेच आधी करून पाहिलं, कारण वाळवण्याची कटकटच उरत नाही. सोडियम हायपोक्लोराइटचा ५ टक्क्यांचा द्राव, १० लिटर पाण्याला २० मिलिलिटर, म्हणजे लिटरला १०० मिलिग्रॅम क्लोरीन. प्लास्टिकची बादली घेतली, कारण स्टीलला हा द्राव खड्डे पाडतो.

क्लोरीन मोजायच्या कागदी पट्टीने सकाळी ११ वाजता १०० दाखवलं. साडेअकराला २५ च्या आत. पावणेबाराला शून्य. पाण्यावर तेलाचा तवंग आणि तळाला भाताची शितं. क्लोरीन जंतूंना शोधत जात नाही. समोर येईल त्या अन्नाशी, चरबीशी, हळदीशी त्याचा संयोग होतो आणि तो संपतो. तांबड्या रश्श्याचा तेलकट थर पुसलेलं फडकं बादलीत दोनदा बुडलं की पाणी नावालाच औषधी उरतं. मग ती बादली म्हणजे सगळ्या फडक्यांचे जंतू एकमेकांत वाटायचं भांडं होतं.

दर अर्ध्या तासाला पाणी बदललं आणि फडकं आधी साबणाने धुऊन मगच बुडवलं तर पद्धत चालेल. दुपारच्या गर्दीत ते होणार नाही हे तीन दिवसांत दिसलं. बादली बंद. हायपोचा द्राव फक्त ओट्यासाठी ठेवला, मटण कापून झाल्यावर ओटा आधी साबणाने धुऊन मग त्यावर.

इशारा : मदतनिसाने बादली धुताना संडास साफ करायचं आम्ल त्यात ओतायला घेतलं होतं. हायपो आणि आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो आणि छोट्या मोरीत तो जीवघेणा ठरू शकतो. व्हिनेगर, लिंबूसुद्धा नको. दोन्ही बाटल्या आता वेगळ्या खोलीत.

२५ जून, बुधवार. स्पंज काढून टाकले.

इथे आम्ही फार वेळ घातला नाही. स्पंजाची छिद्रं हीच त्याची अडचण आहे. जर्मनीत २०१७ साली घरांतले वापरलेले १४ स्पंज तपासले, तेव्हा काही जागी एका घन सेंटिमीटरला ५,४०० कोटींपर्यंत जंतू मोजले गेले. त्यातली लक्षात ठेवायची गोष्ट वेगळीच : "आम्ही स्पंज नियमित साफ करतो" असं सांगणाऱ्यांच्या स्पंजात जंतू कमी नव्हते, उलट काही त्रासदायक जातींचं प्रमाण जास्त होतं. वरवरच्या सफाईत नाजूक जाती मरतात, चिवट उरतात आणि मोकळी झालेली जागा त्याच भरतात. त्या अभ्यासकांचा सल्ला होता, आठवड्याला स्पंज बदला.

घरी स्पंज वापरणाऱ्यांसाठी : अमेरिकेच्या कृषी खात्याच्या प्रयोगात (२००७) क्लोरीनच्या पाण्यात किंवा लिंबाच्या रसात भिजवून स्पंजातले ३७ ते ८७ टक्केच जंतू मेले. ओला स्पंज एक मिनिट मायक्रोवेव्हमध्ये ठेवल्यावर जवळपास सगळे मेले. स्पंज पाण्याने निथळता हवा, कोरडा ठेवला तर पेट घेतो. तारेची घासणी आत अजिबात ठेवू नये. काढताना चिमट्याने, कारण आतलं पाणी उकळतं असतं. हे रोज करायचं आणि तरी आठवड्याने फेकायचं.

खानावळीत मायक्रोवेव्ह नाही. म्हणून नायलॉनच्या जाळीच्या घासण्या आणल्या. पहिल्या डझनात चूक झाली : वरून जाळी, पण आत फोम भरलेला. एक कापून पाहिल्यावर कळलं. २४० रुपये गेले. दुसऱ्या खेपेला नुसती चुरगळलेली जाळी घेतली, १५ रुपयांना एक. झटकून खुंटीला टांगल्यावर ११ ग्रॅम, चार तासांनी कोरड्या वजनावर, ६ ग्रॅम. करपलेल्या पातेल्यांना तारेची घासणी ठेवली. ती फडक्यांबरोबर उकळता येते.

२८ जून, शनिवार. मांजरपाट आणि खळ.

टॉवेलचं कापड जाड, उभ्या धाग्यांच्या फासांत पाणी धरणारं. पावसाळ्यात ते वाळवणं म्हणजे डोकेदुखी. पातळ सुती कापड घ्यायचं ठरलं. इचलकरंजीहून १५ मीटर मांजरपाट आणलं, ६० रुपये मीटर. ४५ सेंटिमीटरचे चौकोन, एका मीटरमध्ये चार, एकूण ६०. कडा दुमडून शिवून घेतल्या, एकाला ५ रुपये. न शिवलेल्या कडांचे धागे उकळताना सुटतात आणि भातात सापडतात.

६० का? ओटा आणि टेबलं मिळून दिवसाला १०, मटणाच्या कामाला ३, हात पुसायला ६. एकूण १९. एक संच वापरात, एक वाळत, एक घडी करून तयार. तीनदा एकोणीस सत्तावन्न, वर तीन राखीव. तिसरा संच नसला तर पहिल्याच संततधारेत अर्धवट ओलं फडकं पुन्हा कामाला लागतं.

फडकी वापरायला दिली आणि तासाभरात तक्रार आली : पाणी टिपत नाहीत, नुसतं इकडचं तिकडे ढकलतात. कोऱ्या मांजरपाटाला विणताना दिलेली खळ असते. पाणी आत शिरत नाही ते त्यामुळे. शिवाय पिठाची खळ म्हणजे जंतूंना खाणंच. १० लिटर पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा आणि एक चमचा साबणाची पावडर टाकून अर्धा तास उकळलं, पाणी दुधाळ झालं. पुन्हा नुसत्या पाण्यात उकळलं. ओळखायची खूण : पाण्याचा एक थेंब टाकावा. लगेच पसरला तर खळ गेली, मण्यासारखा उभा राहिला तर अजून आहे.

खळ काढल्यावर एक फडकं ३८ ग्रॅम. पावसाळी हवेत मात्र ते पूर्ण वाळल्यावरही ४१ ते ४२ भरतं, कारण सुती कापड दमट हवेतून स्वतःच पाणी ओढतं. ३८ ची वाट पाहत बसू नये. ४२ ला आमच्या हिशेबात कोरडं.

१ जुलै, मंगळवार. सगळी फडकी गुलाबी.

मटणाची फडकी वेगळी ओळखू यावीत म्हणून १० लाल फडकी विकत घेतली होती, ४०० रुपये. काल रात्री सगळी एकत्र उकळली. लाल रंग सुटला, पांढरी गुलाबी झाली आणि लालही फिकट. दोन उकळ्यांनंतर कोणतं कशाचं हे दिव्याखाली ओळखू येईना.

उकळायचं असेल तर रंगावर खूण ठेवू नये. आता सगळी पांढरी. मटणाच्या फडक्यांचा एक कोपरा कापून तिरपा शिवला, हाताच्या फडक्यांना मधोमध एक शिवण मारली. खूण हाताला लागते, डोळ्यांनी पाहावी लागत नाही. आषाढ लागलाय, त्र्यंबोली देवीच्या यात्रेच्या मंगळवार-शुक्रवारी मटणाच्या ऑर्डरी वाढतात, त्यामुळे कोपरा कापलेली ९ केली.

मटणाच्या फडक्याचा नियम : एकदा पुसलं की परत ओट्यावर ठेवायचं नाही, सरळ झाकणाच्या बादलीत. गरम पातेल्यांची दोन फडकी बंद करून ९० रुपयांच्या चार सांडशी आणल्या. ताटं पुसणंही बंद, ती जाळीच्या मांडणीत उभी निथळतात. एवढ्याने फडक्यांची निम्मी कामं संपली.

३ जुलै, गुरुवार. उकळताना गाठोडं बांधलं, ते चुकलं.

रात्री फडकी आधी साबण आणि सोड्याच्या कोमट पाण्यात चोळून धुतो, मग उकळतो. उचलायला सोपं म्हणून १९ फडकी जुन्या साडीच्या तुकड्यात गाठोडं बांधून १२ लिटरच्या पातेल्यात सोडली. पाणी खळखळ उकळत होतं. दहा मिनिटांनी गाठोड्याच्या मध्यात थर्मामीटरची सळई खुपसली : ६४ अंश. आत हवा कोंडलेली आणि पाणी फिरायला वाव नाही.

दुसऱ्या दिवशी २० लिटरचं पातेलं, १५ लिटर पाणी, फडकी सुटी. कापडात हवा भरून फुगे वर येतात, ते झाऱ्याने दाबून बुडवत राहायचे. पुन्हा उकळी फुटल्यापासून दहा मिनिटं. मध्यात ९७. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे, इथे पाणी ९८ च्या आसपासच उकळतं, तेव्हा हे पूर्ण आहे. सिलिंडर तोलून पाहिला, एका रात्रीला सुमारे ३०० ग्रॅम गॅस.

उकळण्याची एक मर्यादा. भातावर येणाऱ्या बॅसिलस सिरियससारख्या जंतूंचे बीजाणू या उकळीत मरत नाहीत. ओलं आणि उबदार राहिलं की ते पुन्हा जागे होतात. म्हणून उकळून झालेलं पाणी पातेल्यातच गार होऊ देत फडकी रात्रभर बुडवून ठेवायची नाहीत, जे मदतनीस पहिल्या रात्री करून गेला होता. गरम असतानाच चिमट्याने काढून पिळून वाळत घालायची.

५ जुलै, शनिवार. वाळवण्याची जागा, तीन प्रयत्न.

पहिला, चुलींच्या वरच्या दांडीवर. ऊब आहे म्हणून. सकाळी वजन ५५, शिवाय फोडणीच्या वाफेचा चिकट तेलकट थर. खाली ज्वाला असल्याने धोकाही. सोडून दिला.

दुसरा, मागच्या बोळातल्या पत्र्याखाली दोरी. दिवसभर पाऊस, हवा थिजलेली. सकाळी ६१.

तिसरा, जेवणाच्या खोलीत. खानावळ बंद झाल्यावर ती रिकामीच असते आणि छताला दोन पंखे आहेत. भिंतीपासून हातभर पुढे दोन दोऱ्या बांधल्या, हुकांसकट २२० रुपये. फडकं दोरीवर दुमडून न टाकता एका कडेला चिमटे लावून लोंबतं ठेवलं, दोन फडक्यांत चार बोटं अंतर. सकाळी ४६. जवळ आलं, पण पुरेसं नाही.

उरलेला फरक पिळण्यात होता. हाताने पिळलेलं फडकं ७४ ग्रॅम भरतं. जुन्या वॉशिंग मशीनचा एकटा स्पिनर १,८०० रुपयांना मिळाला. तीन मिनिटांत वजन ५४. मग पंख्याखाली अडीच तासांत ४२. रात्री साडेअकराला घातली तर पहाटे दोनला कोरडी. एवढा एक खर्च सगळ्यात जास्त उपयोगी पडला. स्पिनर फक्त फडक्यांसाठी, तळाचं पाणी रोज काढून झाकण उघडं ठेवायचं, नाहीतर स्पिनरच कुबट होतो.

६ जुलै, रविवार. आषाढी एकादशी. मटण नाही, फराळाचे पदार्थ. फडकी फक्त ११ लागली. पट्ट्या लावायला निवांत वेळ मिळाला.

९ जुलै, बुधवार. वापरात किती वेळ ठेवायचं.

रविवारी घेतलेले नमुने काल वाचले. उकळून वाळवलेल्या फडक्यावर अगदी मोजके ठिपके, हजाराच्या आत. आज गर्दीच्या दुपारी एकच फडकं ओट्यावर ठेवून नमुने घेतले, वाचन शुक्रवारी भरलं : दोन तासांनी दहा हजार ते लाखाच्या मध्ये, चार तासांनी दहा लाखांवर. दुपारी बाराला घेतलेलं फडकं चारला टेबल पुसायला वापरलं तर ते टेबल घाणच करतं.

म्हणून दोन तास. घड्याळ पाहत बसायला नको म्हणून वेळा कामाला बांधल्या : भाजी चिरून झाल्यावर, दुपारची पहिली पंगत उठल्यावर, दुपार संपल्यावर, संध्याकाळी कणीक मळून झाल्यावर, रात्री बंद करताना. वापरलेलं फडकं बादलीत, बादलीत साबणाचं पाणी. तिथून कुणीही परत उचलायचं नाही.

एक गोष्ट पट्ट्यांबद्दल. क्लोरीन लावलेल्या ओट्यावरून लगेच पुसलेल्या फडक्याची पट्टी कोरी आली आणि आम्ही खूश झालो. फडक्यात उरलेलं क्लोरीन पट्टीवरच्या जंतूंनाही वाढू देत नाही, त्यामुळे ते वाचन धरलं नाही. क्लोरीन लागलेला नमुना या पट्ट्यांवर घेऊ नये. वापरून झालेल्या पट्ट्या फेकण्याआधी एक भाग हायपो आणि नऊ भाग पाण्यात तासभर बुडवून ठेवायच्या.

१२ जुलै, शनिवार. कुबट वास परत आला.

सहा फडकी वाळलेली असताना बिनवासाची, पण ओली करताच तोच ओल्या कपड्याचा वास. हा वास बहुतेक वेळा मोरॅक्सेला ओस्लोएन्सिस नावाच्या जंतूमुळे येतो. तो वाळवणं बऱ्यापैकी सोसतो. आजारी पाडण्याच्या बाबतीत तो फार मोठा नाही, पण त्याचा वास आला म्हणजे त्या फडक्याची एखादी पायरी चुकली. उलटं मात्र धरू नये : वास नाही म्हणून सुरक्षित, असं नसतं. मटणाच्या पाण्यातल्या साल्मोनेलाला वास नसतो.

ती सहा कुठून आली ते शोधलं. हात पुसायची होती. हातावरच्या तुपा-तेलाचा थर नुसत्या साबणाने सुटत नव्हता आणि त्या थराखाली जंतू सांभाळले जात होते. सोडा दोन चमच्यांवरून चार केला, पाणी हाताला सोसेल इतकं गरम घेतलं, अर्धा तास भिजवून मग चोळलं. पाच सुधारली. एक सुधारलं नाही, फेकलं. सोड्याच्या पाण्यात हळदीचे डाग कुंकवासारखे लाल होतात. मदतनीस रक्त समजून घाबरला होता. साध्या पाण्यात खळबळलं की पुन्हा पिवळे होतात.

१८ जुलै, शुक्रवार. फेकायचं कधी.

दोन आठवडे एकाच संचाचं वजन लिहीत गेलो. आता तीन खुणा ठरल्या. ओलं केल्यावर वास येतो आणि सोड्याच्या एका जादा धुण्यानंतरही जात नाही : फेका. कोरडं वजन ४२ ऐवजी ४६-४७ वर अडकलं, म्हणजे कापडात चरबी किंवा साबण बसलाय : एकदा सोड्यात उकळा, उतरलं नाही तर फेका. उजेडापुढे धरल्यावर जाळी दिसते : फेका, धागे अन्नात जातील. या हिशेबाने एक फडकं रोज उकळून साधारण तीन महिने चालावं असा अंदाज आहे. तारीख ठरवून फेकण्यापेक्षा या खुणा बऱ्या. तारीख फडक्याचं वय सांगते, ते वाळलं होतं की नाही हे सांगत नाही.

घासणीला मात्र तारीखच. जाळी दोन आठवडे, त्याआधी फाटली तर आधी. तिचं वजन इतकं कमी की काट्यावर फरक नीट दिसत नाही, आणि १५ रुपयांसाठी तपासत बसण्यात अर्थ नाही.

२२ जुलै, मंगळवार. खर्च आणि घरासाठीचं माप.

कायमचा खर्च : कापड ९००, शिलाई ३००, स्पिनर १,८००, दोऱ्या २२०, घासण्या १८०, सांडशी ३६०. एकूण ३,७६०. तपासणीचा : पट्ट्या ३,०००, क्लोरीनच्या कागदी पट्ट्या ३५०, थर्मामीटर ४००. हा खर्च दुसऱ्यांना करायची गरज नाही, वजनकाटा पुरतो. चुकांत गेले ६४० रुपये आणि सुमारे नऊ दिवस. रोजचा वेळ : धुणं-उकळणं ४० मिनिटं, त्यात उभं राहून काम १५ मिनिटांचं.

चार माणसांच्या घरी : पातळ सुती फडकी १२, ओट्याला रोज दोन, हाताला एक, मटण-चिकनच्या दिवशी कोपरा कापलेलं एक जास्त. तीन दिवसांची साठवून ठेवायची तर ओली साठवू नयेत. पिळून वाळवून ठेवावीत आणि तिसऱ्या दिवशी एकत्र उकळावीत. मटणाचं फडकं मात्र त्याच रात्री. काटा नसेल तर वाळलेलं फडकं गालाला लावून पाहावं. गार लागलं तर अजून ओलं आहे, हाताच्या बोटांना हे तितकं नीट कळत नाही.

२५ जुलै, शुक्रवार.

काल अमावस्या. आषाढाच्या शेवटच्या दोन दिवसांत कोपरा कापलेली नऊच्या नऊ फडकी फिरली, एका दुपारी कमी पडली आणि मटणाचं पाणी कागदी रोलने टिपून कागद फेकला. ते चाललं, पुढच्या आषाढासाठी १२ करायची. शेवटच्या चार पट्ट्यांपैकी दोन सकाळच्या ताज्या फडक्यांना लावल्या आहेत, रविवारी वाचायच्या.

आजपासून श्रावण, खानावळीत मटण बंद. कोपरा कापलेली नऊ फडकी उकळून, स्पिनरमधून काढून, पंख्याखाली चार तास ठेवली. डब्यात भरताना एकेकाचं वजन ४० ते ४२.